काळे बाबा आणि गजांमागचं बाळ

ताई, माझी मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. परवा रात्री तिने वहीच्या कागदावर 'आपलं घर' काढलं. गोड वाटलं म्हणून मी फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकला आणि सहज लिहिलं, 'याचा अर्थ काय असेल?' तर नणंदेने उत्तर दिलं, की आईला हात नाहीत म्हणजे तिला आईचा आधार वाटत नाही. बाबा कोपऱ्यात, एवढेसे आणि काळे, म्हणजे तिला बाबांची भीती आहे. तीन महिन्यांच्या भावाला पिंजऱ्यात घातलंय म्हणजे मत्सर. आणि स्वतःला काढलंच नाही, म्हणजे घरात आपण नकोसे आहोत असं तिला वाटतं. नणंदेने बालमानसशास्त्राचा कोर्स केलाय. माझे मिस्टर रात्रपाळीला असतात. त्यांनी ते वाचलं आणि तेव्हापासून गप्प आहेत. महिन्याभरापूर्वी ते तिच्यावर एकदा जोरात ओरडले होते, तेच त्यांच्या मनात बसलंय. फोटो सोबत पाठवते. खरंच, काय अर्थ आहे याचा?

— एक आई, नाशिक

नमस्कार.

उत्तर लिहायच्या आधी मी तुमच्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक म्हणजे त्याच कागदाचा दिवसाउजेडी, खिडकीजवळ काढलेला, चारही कडा दिसतील असा फोटो. दुसरं म्हणजे तिने आधी काय काढलं आणि नंतर काय, ते आठवत असेल तर तेवढं. दोन्ही मिळालं. ते मिळालं नसतं तर मी या चित्राबद्दल काही लिहिलं नसतं, कारण पहिल्या फोटोत चित्राचा एक तुकडाच कापला गेला होता.

आधी कागदावर मला जे दिसतंय ते सांगते. दिसतंय तेवढंच.

एकेरी वहीचा मधला जोडकागद आहे, आडवा धरलेला. डावीकडे जांभळ्या तेलखडूने काढलेलं मोठं गोल डोकं. त्यात दोन टिंबं, खाली एक आडवी रेघ, दोन्ही बाजूंना खाली येणाऱ्या केसांच्या रेघा. डोक्यातूनच दोन लांब रेघा निघून जवळजवळ कागदाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांच्या टोकांना लंबगोल पावलं आहेत. मध्ये धड नाही, बाजूला हात नाहीत. या तुम्ही. कागदाच्या मधोमध एक चौकोन, त्यात आडवं काढलेलं छोटं गोल डोकं आणि दोन रेघा, आणि त्यावरून सात उभ्या रेघा. वर उजवीकडे किरणांचा सूर्य, त्यालाही डोळे. उजव्या खालच्या कोपऱ्यात तुमच्या पाव उंचीची एक आकृती, तिच्यावर वरून खाली ओढलेल्या काळ्या रेघा. दिवसाच्या फोटोत त्या रेघांच्या खाली लाल रंगाचं डोकं, डोळे आणि वर वळलेली तोंडाची रेघ दिसते. रात्री घरातल्या बल्बच्या उजेडात हे सगळं एकच काळा डाग झालं होतं. आणि अगदी खाली, पहिल्या फोटोत कापलं गेलेलं, सहा पायांचं, लांब शेपटीचं काहीतरी आहे. तुम्ही लिहिलंत की ती मांजर, असं तिनेच सांगितलं.

माझ्या या वर्णनात 'पिंजरा' हा शब्द आलेला नाही. कागदावर चौकोन आहे आणि उभ्या रेघा आहेत. त्यांना पिंजरा म्हटलं की कैद आलीच, कैद आली की मत्सर आला, आणि इतक्या लांबवर आपण कधी येऊन पोचलो ते आपल्याला कळतही नाही. म्हणून मुलाचं चित्र पाहताना पहिली पाच मिनिटं मी फक्त नामं, रंग, जागा आणि आकार एवढंच बोलते. कोणाला काय वाटतंय याबद्दल एकही शब्द नाही. बालवाडीत बावीस वर्षं घालवल्यावर मला ही सवय लागली, आणि ती का लागली तेही पुढे सांगते.

आता हात. तीन-साडेतीन वर्षांच्या सुमाराला मुलं पहिल्यांदा माणूस काढतात तेव्हा तो डोकं आणि पाय एवढाच असतो. बेडूकमाशासारखा दिसतो म्हणून अभ्यासक त्याला बेडूकमासा-माणूस म्हणतात. कोणी चौथ्या वर्षीच त्याला धड देतं, कोणी सहाव्याच्या तोंडावर. पावणेपाच वर्षांच्या मुलीचा माणूस तसा असणं हे अगदी नेहमीचं आहे. या माणसात पोट नसतं असंही नाही. 'आईचं पोट कुठे आहे गं?' असं विचारलंत तर ती बहुधा दोन पायांच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवेल, किंवा त्या मोठ्या गोलाच्या खालच्या भागावर. तिच्या लेखी पोट तिथे आहेच, त्याच्यासाठी वेगळी रेघ लागत नाही एवढंच. हातांचंही तसंच आहे. नॉर्मन फ्रीमन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात या वयाच्या मुलांना डोकं आणि धड आधीच काढलेल्या आकृत्या दिल्या आणि हात जोडायला सांगितले. डोकं धडापेक्षा मोठं असेल तर पुष्कळ मुलांनी हात डोक्याला जोडले, धड मोठं असेल तर धडाला. म्हणजे हात कुठे येतात हे मुलांना माहीत होतं की नाही, यापेक्षा कागदावर समोर काय आहे यावर ते ठरत होतं. स्वतःच्या आईला हात असतात हे कुठल्या मुलाला माहीत नसतं?

घरी एक करून पाहा. तिला सांगा, 'आई चेंडू झेलतेय असं काढ.' माझ्या वर्गातली निम्मीअधिक मुलं, जी आदल्या दिवशी बिनहाताची आई काढायची, ती अशा वेळी हात काढायची. कधी कानातून निघालेला एकच लांब हात, कधी दोन्ही हात एकाच बाजूला, पण हात असायचे, कारण आता त्या हातांना काम होतं. तिने नाही काढले तरी काही बिघडलेलं नाही. वयाप्रमाणे येतील.

मिस्टरांच्या आकृतीकडे येते, कारण तुमचं पत्र खरं तर तिच्यासाठीच आहे. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: लहान आकार, कोपऱ्यातली जागा आणि काळा रंग. त्या सुट्या करून पाहू.

आकार आणि जागेचं उत्तर तुमच्याच निरोपात आहे. तुम्ही लिहिलंत की तिने आधी तुम्हाला काढलं, मग पाळणा, मग सूर्य, मग बाबा आणि शेवटी मांजर. या वयाची मुलं कागदाची वाटणी आधी ठरवत नाहीत. पहिलं माणूस मनसोक्त मोठं येतं, दुसऱ्याला थोडी कमी जागा मिळते, आणि चौथ्याच्या वाट्याला उरलेला कोपरा येतो. रांगोळी काढताना मधलं कमळ मोठं झालं की कडेची वेल कशीबशी दाटीत बसवावी लागते, तसंच हे आहे. तुमच्या कागदावर सूर्य आणि पाळणा काढून झाल्यावर माणूस मावेल अशी एकच जागा उरली होती, आणि बाबा तिथेच आहेत. माणसाच्या आकारावरून मुलाचं प्रेम किंवा भीती मोजता यावी इतकं पक्कं नातं अभ्यासांतून निघालेलं नाही.

हे तपासून पाहता येतं, आणि ते सोपं आहे. येत्या दोन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या दिवशी तिला मोठा कोरा कागद द्या आणि सहज म्हणा, 'आज बाबांपासून सुरुवात करूया?' मोठं काढ, छान काढ, हसरे काढ, असलं काही सांगू नका. बाबा पहिले आल्यावर मोठे आले, तर कोपऱ्यातले छोटे बाबा जागेमुळे छोटे होते हे तुम्हाला समोरच दिसेल. तिन्ही वेळा छोटेच आले, तर ती बाबांना छोटं काढते एवढंच कळलं. त्यातूनही भीती निघत नाही. पुष्कळ मुलांची प्रत्येक माणसाची एक ठरलेली आकृती असते आणि महिनोन्महिने ती तशीच गिरवली जाते. एका कागदावरून काही ठरवू नये असं मी जे म्हणते ते याच कारणाने. कालचं आणि आजचं चित्र शेजारी ठेवलं की कितीतरी अर्थ आपोआप गळून पडतात.

आता काळ्या रेघा. इथे मी जास्त सावध आहे, कारण त्या आकृतीच्या आत भरलेल्या नाहीत, वरून ओढलेल्या आहेत. आधी लाल बाबा पूर्ण झाले, हसऱ्या तोंडासकट, आणि मग त्यांच्यावर काळं आलं. कागद मला एवढंच सांगतो. का आलं, हे कागदावर लिहिलेलं नसतं. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या अशा गिरगटण्यामागे मी काय काय पाहिलंय ते सांगते. एका मुलाने तासभर खपून लाल एसटी काढली आणि शेवटी सगळ्या बसवर काळा खडू फिरवला. मी हळहळले. तो म्हणाला, 'बस बोगद्यात गेली.' चित्र म्हणजे आपल्याला स्थिर वस्तू वाटते, पण मुलाच्या हातात ती चालू असलेली घटना असते. पाऊस येतो, रात्र होते, दिवे जातात, आणि ते सगळं आधीच्या चित्रावरच घडतं. कधी ते काळे कपडे असतात, कधी केस, कधी दाढी. कधी पाय मनासारखा आला नाही म्हणून खोडलेलं असतं, कारण तेलखडू रबराने जात नाही. आणि कधी काळा खडू नुसता आवडतो, कारण बारा खडूंच्या पेटीत सगळ्यांत ठसठशीत उमटणारा तोच असतो. या वयाला खऱ्या वस्तूचा रंग चित्रात आणायची गरज वाटत नाही. तुम्ही जांभळ्या आहात, त्यावर कोणी काही म्हटलं नाही.

तुमच्या लेकीच्या मनात यातलं काय होतं, किंवा आणखी काही होतं, हे तिच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. रागाने खोडलंय असंही असू शकतं. बाबा रात्री निघाले म्हणून रागावलेली मुलगी बाबांना खोडून टाकते आणि सकाळी त्यांच्या अंगावर उडी मारते, यात मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही.

पाळण्याचं लवकर सांगून होईल. मी विचारलं तेव्हा तुम्ही कळवलंत की घरातला पाळणा तुमच्या माहेरचा, सागवानी, कातीव गजांचा आहे. तिने तो काढलाय. गज बाळाच्या अंगावरून गेलेत कारण बाळ आधी काढलं. आणि समोरच्या गजांमागे बाळ पूर्णच्या पूर्ण दिसतंय, कारण मुलं दिसतं ते काढण्याआधी माहीत असतं ते काढतात. ल्युके या फ्रेंच अभ्यासकांनी १९२७ सालच्या आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं, आणि घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसणारं चित्र आपल्यापैकी प्रत्येकाने कधीतरी काढलेलं आहे. तिला भावाचा थोडा हेवा वाटत असेलच. साडेचार वर्षं एकटी असलेल्या मुलीला तो वाटला नाही तरच नवल. पण ते तिच्या वागण्यात दिसेल: तुमच्या मांडीवर बसायचा हट्ट, बोबडं बोलणं, बाळ झोपलं की मुद्दाम मोठ्याने गाणं. त्यासाठी पाळण्याच्या गजांना साक्षीला बोलवायला नको.

स्वतःला तिने काढलेलं नाही, हे खरं आहे. मांजर सापडली, ती नाही सापडली. घराचं चित्र काढताना काढणारी व्यक्ती बाहेर उभी असते, म्हणून पुष्कळ मुलं स्वतःला विसरतात, जसं घरच्या फोटोत फोटो काढणारी नसते. तुम्ही विचारू शकता, 'आणि तू कुठे आहेस?' ती 'शाळेत' म्हणेल, 'पलंगाखाली' म्हणेल, किंवा तिथल्या तिथे स्वतःला काढून मोकळी होईल.

नणंदबाईंना हे सगळं कुठून सुचलं, तेही सांगायला हवं, कारण त्यांनी मनाचं काही रचलेलं नाही. हात नाहीत म्हणजे असहायता, काळी छटा म्हणजे चिंता, मोठे डोळे म्हणजे संशय, ही यादी जुनी आहे. अमेरिकेत १९४९ साली कॅरन मॅकोव्हर यांनी माणसाच्या चित्रावरून स्वभाव वाचण्याची पद्धत पुस्तकरूपात मांडली आणि ती जगभर पसरली. आजही छोट्या अभ्यासक्रमांच्या टिपणांत ती सापडते. पण १९६७ साली लोरेन आणि जीन चॅपमन या दांपत्याने एक साधा प्रयोग केला. त्यांनी माणसांची बरीच चित्रं घेतली आणि प्रत्येकाखाली काढणाऱ्याचा त्रास म्हणून एखाददोन वाक्यं लिहिली, 'हा माणूस संशयी आहे' अशा प्रकारची. खरं म्हणजे ती वाक्यं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटेल तशी वाटलेली होती, चित्राशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. मग मानसशास्त्राचं शिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यांना ती पाहायला दिली आणि विचारलं, संशयी लोकांच्या चित्रांत तुम्हाला काय सारखं दिसलं? विद्यार्थ्यांनी सांगितलं: डोळे. मुरलेले तज्ज्ञही आपल्या अनुभवातून हेच सांगत होते. म्हणजे जे नातं चित्रांत नव्हतंच ते सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं, कारण संशय म्हटला की आपल्या सगळ्यांच्या मनात डोळे येतात. काळं म्हटलं की भीती येते, गज म्हटले की कैद. नणंदबाईंनाही असंच दिसलं असणार.

मलाही दिसलं होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलाने काढलेल्या घराला दार नव्हतं. खिडक्या चार, दार नाही. मी शहाणपणा करून त्याच्या आईला बोलावलं आणि म्हटलं, 'घरात त्याला कोंडल्यासारखं होतंय का, बघा.' ती बाई तिथेच रडायला लागली. घरात सासूशी काही चाललेलं होतं, ती सगळं स्वतःवर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी मुलाच्या शेजारी बसून म्हटलं, 'या घराबद्दल सांग ना मला.' त्याने कागद उलटा केला. मागच्या बाजूला दार होतं. त्यांच्या घराचं दार मागच्या गल्लीत उघडायचं. त्या आईची मी माफी मागितली, पण तिच्या त्या रात्रीचं मला काहीच करता आलं नाही. तेव्हापासून मी कागदाची मागची बाजू पाहिल्याशिवाय बोलत नाही. तुम्हीही पाहा, फोटोत ती कधीच येत नाही.

मुलीशी बोलायचं कसं, हे थोडं नीट सांगते, कारण इथेच चूक होते. तिच्या समोर नको, शेजारी बसा. म्हणा, 'मला या चित्रातलं सांग.' आणि मग गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा, दहा फार मोठे वाटतात. ती काही बोलली की तिचेच शब्द परत म्हणा. ती 'बाबा' म्हणाली तर 'हं, बाबा', आणि पुन्हा थांबा. 'बाबांना काळं का केलंस?' असं विचारू नका. 'का' विचारलं की मुलाला वाटतं आपलं काही चुकलं, आणि ते सुटकेसाठी मिळेल ते उत्तर देतं. 'बाबांची भीती वाटते का गं?' हे तर मुळीच नको. पावणेपाच वर्षांच्या मुलीला मोठ्यांना आवडेल ते उत्तर द्यायचं असतं. ती 'हो' म्हणेल, आणि त्या एका 'हो'चं घरात काय होईल याचा विचार करा. चार दिवसांनी विचारलंत तर काळ्या रेघांना ती वेगळंच नाव देईल, तेही खोटं नसेल. म्हणून चित्र ताजं असतानाच काय ते विचारावं, आणि मिळालेलं उत्तरही फार घट्ट धरू नये. परवाच्या चित्राची वेळ थोडी टळलेलीच आहे. पुढच्या चित्राला हे करा.

तिच्या दिवसाबद्दल जाणून घ्यायचं असेल तर झालेल्या चित्राचा अर्थ लावण्यापेक्षा काढता काढता होणाऱ्या गप्पा जास्त देतात. न्यूझीलंडमधल्या काही संशोधकांनी मुलांना अग्निशमन केंद्र दाखवून आणलं आणि नंतर तिथलं काय आठवतं ते विचारलं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाच-सहा वर्षांच्या ज्या मुलांना सांगता सांगता चित्र काढू दिलं, त्यांनी नुसत्या बोलणाऱ्या मुलांपेक्षा जास्त गोष्टी सांगितल्या. माहिती मुलांच्या तोंडून आली, कागद फक्त हाताला काम देत होता. तुमची लेक लवकरच त्या वयात येईल. भाजी निवडताना तिला शेजारी कागद द्या आणि कान उघडे ठेवा.

मग चित्रांकडे काळजीने पाहायचंच नाही का? पाहायचं, पण आधी मुलाकडे पाहून. दोन-तीन आठवडे सलग झोप उडाली, बरेच महिने थांबलेलं अंथरुणात शू होणं पुन्हा सुरू झालं, जेवण तुटलं, एखाद्या ठरावीक माणसाकडे किंवा जागी जायला ती थरथरून नकार देऊ लागली, खेळात एकच भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर चित्र कसंही असो, बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि गरज पडली तर त्यांच्याकडून बालमानसोपचाराचा पत्ता घ्या. तिथे चित्रं जरूर न्या, पण तुमच्या अर्थाशिवाय न्या. आणि कधी एखादं मूल चित्र काढताना आपल्याला कोणी दुखावल्याचं, नको तिथे हात लावल्याचं बोललं, तर चेहरा शांत ठेवा, खोदून विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवा आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो नंबर चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तिथे मुलाचे शब्द मोलाचे असतात. 'चित्रात गज होते' याला पुरावा म्हणून वजन नसतं, आणि मोठ्यांनी सुचवून काढून घेतलेल्या बोलण्याने खऱ्या तक्रारीचंही नुकसान होतं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. ती खाते, झोपते, बाबा आले की दाराशी धावते, हे तुम्हीच लिहिलंय.

कागद जपून ठेवा. मागे तारीख, तिचं वय, हातातले खडू आणि तिचे शब्द लिहा, तिचे म्हणजे अगदी तिचेच: 'ही मांजर आहे.' पुढचा फोटो दिवसा, वरून सरळ, चारही कडा धरून काढा. ग्रुपवर टाकायचाच असेल तर टाका, पण अर्थ विचारू नका, तिने काय सांगितलं ते खाली लिहा. आणि या चित्राची चर्चा तिच्या कानावर पडली असेल, तर काही दिवस ती बाबांना काढायचं टाळेल, किंवा मोठे, हात असलेले, हसरे बाबा काढून तुमच्या तोंडाकडे पाहील. त्यात पुन्हा अर्थ शोधू नका. ते उत्तर मोठ्यांच्या बोलण्याला असेल.

मिस्टरांना दिवसाचा फोटो नको, खरा कागदच दाखवा, उजेडात धरून. काळ्याच्या खाली लाल तोंडाची रेघ वर वळलेली आहे, ती त्यांना त्यांच्या डोळ्यांनी पाहू दे. त्यातून 'म्हणजे ती माझ्यावर खूश आहे' असाही अर्थ त्यांनी काढायचा नाही, हे मात्र त्यांना सांगा. मुलं सूर्यालाही तेच तोंड देतात. ओरडण्याचं जे त्यांना लागून राहिलंय, त्याला चित्राची गरजच नाही. ते घडलंय हे त्यांना माहीत आहे आणि तिलाही. पाळीवर निघायच्या आधी, दाराशी चप्पल घालताना, त्यांनी खाली बसून एवढंच म्हणावं, 'त्या दिवशी मी फार जोरात ओरडलो. माझं चुकलं.' आणि रविवारी तिच्या शेजारी जमिनीवर बसून स्वतःचा वेगळा कागद घ्यावा, त्यावर आपल्या कंपनीचं चित्र काढावं, रात्रीचं, मोठे दिवे असलेलं. तिच्या कागदाला हात लावू नये. तिला काळा खडू हवा झाला तर द्यावा.